डेटिंग अ‍ॅप फोनमधून काढलं, तरी पैसे कापले जाताहेत. आधी काय बंद करायचं?

शिरपूरची_ताई
नमस्कार मंडळी. माझ्या मामेभावाचा साखरपुडा झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. पुण्यात नोकरीला असताना त्याने एका डेटिंग अ‍ॅपवर खातं काढलं होतं आणि पैसे भरून वरचा प्लॅनही घेतला होता. आता कायमचा शिरपूरला परत आलाय, बापाची शेती आणि ठिबकचं दुकान बघतो. सोयरीक जमली तेव्हा त्याने फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं. मुलीला त्याने सगळं सांगितलेलं आहे, तिची काही तक्रार नाही, तेव्हा कृपया त्या दिशेने चर्चा नेऊ नका.

अडचण वेगळीच आहे. मामांनी परवा पासबुक भरून आणलं, तर त्यात दर महिन्याच्या ७ तारखेला ४९९ रुपये वजा. शोधाशोध केली तर पुण्याच्या जुन्या पगाराच्या खात्यातूनही १९ तारखेला ८९९ गेलेले दिसले. अ‍ॅप एकच, मग दोन ठिकाणाहून पैसे कसे? आणि भावाच्या फोनवर प्ले स्टोअर उघडून Subscriptions मध्ये पाहिलं तर तिथे काहीच नाही. त्याला आता खातं पूर्ण पुसायचंय, फोटोंसकट. अ‍ॅप परत टाकून सरळ Delete account दाबायचं का?

यावल_केळीवाला
ताई, इतकं काही अवघड नाही. फोन पे किंवा गुगल पे उघडायचं, प्रोफाइलमध्ये Autopay असतं, तिथे त्या अ‍ॅपचं नाव असेल, ते रद्द करायचं आणि यूपीआय पिन टाकायचा. खेळ खलास. मी दोन-तीन ॲप्सचं असंच बंद केलंय. मग बाकी खातं राहिलं काय, गेलं काय, पैसा तर वाचला.

गोलाणीवाला
ताई, थांबा. Delete account आत्ता दाबू देऊ नका. जळगावात गोलाणी मार्केटला माझं मोबाइलचं दुकान आहे आणि अशी केस घेऊन बरीच पोरं येतात, बहुतेक सगळी खातं पुसून झाल्यावर येतात.

यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. फोनमधलं अ‍ॅप, कंपनीकडचं खातं आणि पैशांची वर्गणी. अ‍ॅप काढल्याने बाकीच्या दोन्हींना धक्का लागत नाही. दूध प्यायचं सोडलं म्हणून रतीब बंद होत नाही, गवळ्याला सांगावं लागतं. आणि खातं पुसलं तरी वर्गणी चालू राहू शकते, कारण ती बऱ्याचदा अ‍ॅपकडे नसतेच, गुगलकडे किंवा ॲपलकडे असते. बरीच ॲप्स पुसायच्या पडद्यावर तसं लिहितातही, पण ती ओळ कोण वाचतो.

तेव्हा आधी पैसे नेमके कोण घेतंय ते शोधा. दोन वेगळ्या तारखा आणि दोन वेगळ्या रकमा म्हणजे माझ्या मते दोन वेगळ्या वर्गण्या आहेत. एक प्ले स्टोअरमधून घेतलेली आणि दुसरी कंपनीच्या वेबसाइटवर कार्डाने. वेबसाइटवर सवलत दाखवतात, पोरं तिथे वरचा प्लॅन घेतात आणि जुना तसाच चालू राहतो. भावाला विचारा, असं काही केलं होतं का.

ओळखायची खूण सांगतो. त्याच्या सगळ्या ई-मेल खात्यांमध्ये शोधाच्या चौकटीत `GPA.` टाकून बघा. प्ले स्टोअरच्या पावतीचा ऑर्डर नंबर याच अक्षरांनी सुरू होतो. ज्या जीमेलमध्ये ती पावती सापडेल, त्याच जीमेलवर वर्गणी आहे. आयफोन असता तर कार्डाच्या स्टेटमेंटवर `APPLE.COM/BILL` असं दिसलं असतं. पावतीत यापैकी काहीच नसेल आणि ती थेट अ‍ॅपच्या कंपनीकडून आलेली असेल, तर वर्गणी वेबसाइटवरची.

निवृत्त_भुसावळ
शिरपूरच्या ताईंना माझा अनुभव सांगतो. मुलीसाठी वधूवर सूचकच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं होतं, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले. तिचं लग्न होऊन आता नातू शाळेत जातो, तरी अजून फोन येतात की 'सर, प्रोफाइल रिन्यू करा.' पैसे मात्र आपोआप कधी कापले गेले नाहीत. त्यामुळे तुमच्या भाच्याचे पैसे कोणी चोरत तर नाही ना, ते आधी बँकेत जाऊन विचारा. रेल्वेत असताना माझ्या सहकाऱ्याच्या खात्यातून असेच गेले होते.

शिरपूरची_ताई
काका, भाचा नाही, मामेभाऊ. आणि चोरी नाही, प्लॅन त्यानेच घेतला होता, फक्त तो बंद झालेला नाही.

@गोलाणीवाला, तुमचा अंदाज बरोबर निघाला. वेबसाइटवर सणाची सवलत होती म्हणून त्याने वरचा प्लॅन जुन्या डेबिट कार्डाने घेतला होता. त्याला वाटलं, वरचा घेतला की खालचा आपोआप जाईल. `GPA.` शोधलं तर पावत्या भलत्याच जीमेलमध्ये सापडल्या. कॉलेजात असताना काढलेलं जीमेल होतं, नव्या फोनमध्ये ते घातलेलंच नाही. म्हणूनच प्ले स्टोअरमध्ये काही दिसत नव्हतं.

गोलाणीवाला
हीच गोम असते. प्ले स्टोअर फक्त त्या वेळी निवडलेल्या जीमेलच्या वर्गण्या दाखवतं. आता असं करा. जुनं जीमेल फोनमध्ये घालायचं नसेल तर ब्राउझरमध्ये त्या जीमेलने लॉगिन करून हा पत्ता उघडा:

```
play.google.com/store/account/subscriptions
```

फोनवरून करायचं तर प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वरच्या गोल चित्रावर दाबायचं, जीमेल बदलायचं, मग `Payments & subscriptions`, त्यात `Subscriptions`. अ‍ॅपचं नाव दिसेल. `Cancel subscription` दाबल्यावर कारण विचारतील, कारण काहीही निवडा. मध्येच Pause चा पर्याय समोर आला तर तिकडे जाऊ नका. थांबवलेली वर्गणी ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा सुरू होते.

रद्द झाली की त्याच ठिकाणी अमुक तारखेला संपेल असं लिहून येतं आणि त्या जीमेलवर मेलही येतो. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. भरलेल्या महिन्याचे उरलेले दिवस प्लॅन चालू दिसेल, त्याने घाबरू नका, पुढचे पैसे जाणार नाहीत. खातं पुसायला त्या तारखेपर्यंत थांबायची गरज नाही. उरलेले दिवस वाया जातात इतकंच, आणि भावाला ते दिवस नकोच आहेत.

यावल_केळीवाला
पण मी म्हणतो तसं ऑटोपे काढलं तर एवढा खटाटोप कशाला? पैसे कापायचा रस्ताच बंद केला की झालं ना.

बँकवाली_धुळे
दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. ऑटोपे म्हणजे तुम्ही बँकेला दिलेली परवानगी. ती काढली की त्या वाटेने पैसे जाणार नाहीत, हे खरं. पण वर्गणी गुगलकडे जिवंतच राहते. ७ तारखेला गुगल पैसे मागणार, मिळाले नाहीत की 'पैसे भरायची पद्धत दुरुस्त करा' म्हणून मेल पाठवणार आणि काही काळ वर्गणी टांगून ठेवणार. त्या काळात त्याच जीमेलला दुसरं कार्ड जोडलं, किंवा पर्यायी म्हणून आधीच जोडलेलं असलं, तर तिथून पैसे जाऊ शकतात. आपण खुशीत असतो की बंद केलं म्हणून.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वर्गणी रद्द करायची, मग एक-दोन दिवसांनी यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपेची नोंद गेली का ते बघायचं. तिथे अजून Active दिसली तर मग खुशाल काढा. मात्र नाव नीट वाचून. आमच्या शाखेत एक गृहस्थ आले होते, त्यांनी घाईघाईत एकाखाली एक सगळ्याच परवानग्या काढल्या आणि त्यात विम्याचा हप्ता गेला.

अजून एक. ऑटोपेच्या नोंदीत कधी कधी वर्गणीपेक्षा बरीच मोठी रक्कम दिसते. ती वरची मर्यादा असते, तेवढे पैसे कापले जाणार असा त्याचा अर्थ नाही. लोक त्या आकड्याला घाबरून आमच्याकडे धावत येतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आवर्ती पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायला हवी. कार्डांसाठी हा नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाला. ताई, भावाला ८९९ ची सूचना आली होती का विचारा. पुण्याच्या खात्याला कोणता नंबर जोडलेला आहे?

शिरपूरची_ताई
तिथेच घोळ आहे. पुण्याच्या खात्याला पुण्याचाच नंबर होता आणि ते सिम त्याने रिचार्ज न करता सोडून दिलं. सूचना गेल्या असतील तर त्या बंद नंबरवर गेल्या. शिरपूरच्या खात्याचे मेसेज घरच्या नंबरवर येत होते, पण जाहिरातींच्या मेसेजमध्ये कोणी पाहिले नाहीत.

आता मोठा प्रश्न हा की डेटिंग अ‍ॅपचं लॉगिनही त्याच पुण्याच्या नंबरच्या ओटीपीने होतं. मग वेबसाइटवर शिरायचं कसं?

गोलाणीवाला
बघा, याचसाठी म्हणत होतो की पुसायची घाई नको. प्ले स्टोअरची वर्गणी जीमेलला बांधलेली असते, त्यामुळे अ‍ॅपचं खातं आधी पुसून बसला असता तरी ती नंतर रद्द करता आली असती. वेबसाइटवरची वर्गणी मात्र अ‍ॅपच्या खात्याच्या आतच असते. खातं गेलं की रद्द करायचं बटणही गेलं, मग कंपनीला मेल लिहीत बसा आणि बँकेच्या पायऱ्या झिजवा.

लॉगिनच्या पडद्यावर खाली 'लॉगिन करता येत नाही?' अशा अर्थाचा बारीक दुवा असतो. खात्याला ई-मेल जोडलेला असेल तर त्यावर लिंक येते आणि त्यातून आत जाता येतं, मग नवा नंबर जोडता येतो. आत गेल्यावर Settings मध्ये पैशांचा किंवा वर्गणीचा भाग शोधा, नाव प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेगळं असतं. टिंडरवर त्याला `Manage Payment Account` म्हणतात. हे अ‍ॅपपेक्षा ब्राउझरमधून केलेलं बरं.

आणि सिमचं मनावर घ्या. बंद पडलेला नंबर साधारण ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. त्याने तेच डेटिंग अ‍ॅप टाकलं तर ओटीपी त्याला जाईल आणि समोर तुमच्या भावाचं खातं उघडू शकेल, फोटो आणि गप्पांसकट.

अहिराणी_पोर
मना संगे बी असंच व्हयनं भो. फरक इतकाच की मी लॉगिन जमेना म्हणून नेटवर त्या अ‍ॅपचा 'कस्टमर केअर नंबर' शोधला. फोन लागला, समोरचा गोड बोलत होता. म्हणे रिफंड देतो, फोनवर हे एक अ‍ॅप टाका आणि त्यातला नंबर सांगा. ते पडदा दुसऱ्याला दाखवायचं अ‍ॅप होतं. माझी बहीण शेजारी बसली होती, तिने फोन हिसकावून घेतला म्हणून वाचलो.

बँकवाली_धुळे
हे सगळ्यांनी नीट वाचा. डेटिंग अ‍ॅपवाल्यांची मदत बहुधा अ‍ॅपमधल्या फॉर्मवरून नाहीतर मेलवरून मिळते. नेटवर शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करायचाच नाही. रिफंडसाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात.

शिवाय भावाने पुण्याच्या बँकेत नवा नंबर जोडून घ्यायलाच हवा, डेटिंग अ‍ॅपचं काही होवो. त्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या भागात `e-mandate` किंवा `Standing instructions` असं काही असेल, तिथूनही कार्डावरची परवानगी काढता येते. वेबसाइटवर शिरता आलंच नाही तर हा मार्ग आहे.

अमळनेरची_मुक्ता
मला पैशांपेक्षा फोटोंचं विचारायचंय. माझ्या मैत्रिणीने अ‍ॅपमध्ये प्रोफाइल लपवलं आणि निर्धास्त झाली. तरी जुन्या ओळखीच्या एकाने तिचे फोटो अजून दिसतात म्हणून सांगितलं. असं कसं?

गोलाणीवाला
मुक्ताताई, लपवणं म्हणजे नव्या लोकांना दिसणं बंद. आधी ज्यांच्याशी जुळलं होतं त्यांना प्रोफाइल आणि गप्पा दिसतच राहतात. अ‍ॅप लॉगआउट केलं किंवा फोनमधून काढलं, तरी तेच. पूर्ण पुसायला Settings मध्ये अगदी तळापर्यंत खाली जायचं, तिथे `Delete account` असतं. ते दाबलं की आधी 'थोडे दिवस विश्रांती घ्या', 'लपवून ठेवा' असे मोठे, रंगीत पर्याय समोर येतात आणि खरं पुसायचं बटण खाली बारीक असतं. शेवटी खातं पुसलं गेल्याचा संदेश दिसला तरच ते झालं असं समजायचं.

खात्री करायची असेल तर ज्याच्याशी गप्पा झाल्या होत्या अशा विश्वासातल्या व्यक्तीला विचारा, तिच्या यादीतून आपलं नाव गेलं का. आणि पुसल्यावर 'बघू या गेलं का' म्हणून त्याच नंबरने पुन्हा लॉगिन करू नका. काही ॲप्स जुनं खातं परत उठवतात, काही नवं कोरं खातं काढून देतात.

गप्पा किंवा फोटोंची प्रत हवी असेल तर ती पुसायच्या आधी मागवायची. बहुतेक ॲप्समध्ये माहिती डाउनलोड करायची सोय असते, पण फाइल तयार व्हायला वेळ लागतो.

चाळीसगावकर_वकील
नवा डेटा संरक्षण कायदा आलाय २०२३ चा. त्यामुळे पुसा म्हटल्यावर कंपनीला २४ तासांत सगळं नष्ट करावंच लागतं. नाही केलं तर नोटीस पाठवा.

बँकवाली_धुळे
वकीलसाहेब, त्या कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क आहे हे खरं, पण २४ तासांत सगळं पुसायचं असं त्यात नाही. कायद्यासाठी किंवा सुरक्षेसाठी लागणारी माहिती कंपनी काही काळ ठेवू शकते. टिंडरच्या धोरणात खातं बंद केल्यावर तीन महिने माहिती सुरक्षेसाठी राखून ठेवतो असं लिहिलेलं आहे. इतरांना ती दिसत नाही, पण कंपनीकडे असते. पैशांच्या नोंदी तर त्याहून जास्त काळ राहतात.

चाळीसगावकर_वकील
तासांचं कबूल, मी घाईत लिहिलं. पण पैशांच्या बाजूने आपल्या हातात एक चांगली गोष्ट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट करून ठेवणं त्यात निषिद्ध धरलेलं आहे. रद्द करायचं बटण सापडतच नसेल तर पडद्यांचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

शिरपूरची_ताई
मंडळी, काल रात्री जेवणं झाल्यावर भाऊ आणि मी बसलो. काय झालं ते सांगते.

आधी जुन्या जीमेलने ब्राउझरमधून प्ले स्टोअरची वर्गणी रद्द केली. पासवर्ड आठवायलाच निम्मा वेळ गेला. मध्ये Pause आलं, ते टाळलं. ६ तारखेला संपेल असं लिहून आलं, मेलही आला. नशीब की अजून ७ तारीख उजाडली नव्हती.

मग वेबसाइट. त्या बारीक दुव्यावरून ई-मेलवर लिंक आली आणि आत जाता आलं. आधी नवा नंबर जोडला. ८९९ ची वर्गणी कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांसह दिसत होती. आपोआप नूतनीकरण बंद केलं, त्याचाही मेल आला. एकदा वाटलं आता लगेच खातं पुसून टाकावं, पण पैशांचं पान पुन्हा उघडून खात्री केली आणि मगच Delete account दाबलं. लपवायचे पर्याय दोनदा आले. शेवटी खातं पुसल्याचा संदेश आला.

आज सकाळी यूपीआयमध्ये पाहिलं, ४९९ ची ऑटोपेची नोंद गेलेली आहे. पुण्याच्या बँकेत नंबर बदलायला मात्र शाखेत या म्हणतात. तो पुढच्या आठवड्यात जाईल आणि कार्डावरची परवानगीही तिथेच बघून येईल.

आता एवढंच राहिलं की गेलेले पैसे परत मिळतील का? वापर तर शून्य होता.

गोलाणीवाला
ताई, छान झालं. पैशांचं खरं सांगतो, फार आशा धरू नका. प्ले स्टोअरवर पैसे गेल्यापासून ४८ तासांच्या आत रिफंड मागितला तर गुगल विचार करतं, त्यानंतर अ‍ॅपच्या कंपनीलाच विचारा म्हणतात. वापर नव्हता हे कारण कंपनी सहसा मानत नाही, कारण वर्गणी चालू होती. पण १९ तारखेचा शेवटचा हप्ता ताजा असेल तर मेल टाकून बघायला काय जातंय. पावती आणि काल रद्द केल्याचा मेल दोन्ही जोडा, खातं पुसलंय हेही लिहा आणि ज्या ई-मेलवर खातं होतं त्याच ई-मेलवरून पाठवा, नाहीतर ओळख पटवण्यातच महिना जाईल.

चाळीसगावकर_वकील
माझं मत जरा वेगळं आहे. एकाच खात्यावर दोन प्लॅन चालू असताना कंपनीने वरचा विकला आणि खालचा चालू आहे हे सांगितलं नाही, हा मुद्दा धरून १९१५ वर तक्रार करून बघावी. मिळतील असं म्हणत नाही.

यावल_केळीवाला
ताई, तुमच्यामुळे मीही आत्ता प्ले स्टोअर उघडून पाहिलं. ऑटोपे काढलेल्या दोनपैकी एक वर्गणी अजून तिथे आहे, पैसे भरायची पद्धत दुरुस्त करा म्हणून लाल अक्षरात लिहिलंय. रद्द केली. दुसरी सापडत नाहीये, बायकोच्या जीमेलवर घेतली होती बहुतेक. ती माहेरी रावेरला गेलीय, आली की बघतो.

निवृत्त_भुसावळ
गोलाणीवाले, तुमचं दुकान कोणत्या मजल्यावर? मुलीच्या त्या प्रोफाइलवरचा फोटो काढायचा आहे, मला ते Settings काही सापडत नाही. बुधवारी जळगावला येतोय.

गोलाणीवाला
काका, या ना. मजला आणि गाळा व्यक्तिगत निरोपात कळवतो. येताना नोंदणीच्या वेळी दिलेला ई-मेल आणि तो नंबर चालू असलेला फोन बरोबर आणा.